आमच्या भाव-ॲपचा रिटेन्शन ४५ वरून ६० वर गेला, पण ताईंनी आकडे पाह्यले अन् सगळं उलटंच निघालं

कापूसवाला_दारव्हा · ११ फेब्रु, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, यवतमाळ जिल्ह्यात. सप्टेंबरमधे आम्ही एक साधं ॲप सुरू केलं, त्यात रोजचा कापूस-सोयाबीन-तुरीचा भाव दिसतो, बाकी काही विशेष नाही. डेटा पाहायचं काम माझ्याकडं आलं कारण संचालक मंडळात लॅपटॉप एकट्या माझ्याकडंच आहे.

आतापर्यंत मी फक्त महिन्याला किती लोक आले तेवढंच सांगत होतो. ऑक्टोबर २३०, नोव्हेंबर ३६६, डिसेंबर ३५०, जानेवारी ३३४. सगळे खूश. मग एका पोरानं सांगितलं का असं नाही पाहत, ज्या महिन्यात माणूस जुडला त्या महिन्याचा एक गट करायचा आणि त्या गटातले पुढच्या प्रत्येक महिन्यात किती परत आले ते मोजायचं. परत आला म्हणजे त्या महिन्यात एकदा तरी भावाचं पान उघडलं. केलं बा ते पण. ० म्हणजे जुडला तो महिना, १ म्हणजे त्याच्या पुढचा.

| जुडले | ० | १ | २ | ३ | ४ | ५ |
|---|---|---|---|---|---|---|
| सप्टें | ४० | ३० | २६ | २० | १६ | ७ |
| ऑक्टो | २०० | ९० | ६० | ५२ | १९ | |
| नोव्हें | २५० | १५० | ११० | ३८ | | |
| डिसें | १२० | ६६ | २१ | | | |
| जाने | ९० | २४ | | | | |

आता गंमत पाहा. ऑक्टोबरवाल्यांचे पुढच्या महिन्यात २०० पैकी ९० आले म्हणजे ४५ टक्के, आणि नोव्हेंबरवाल्यांचे २५० पैकी १५० म्हणजे ६० टक्के. आणि १ नोव्हेंबरपासूनच आम्ही सकाळी भाव बोलून पाठवणं सुरू केलं, आपल्या वऱ्हाडीत, ज्याले वाचता येत नाही त्याच्यासाठी. म्हणजे त्या आवाजानं १५ टक्के फरक पडला असं मी २० तारखेच्या मीटिंगमधे सांगणार आहे. पण जानेवारीवाले एकदम २७ टक्क्यांवर आले, ते काहून झालं समजत नाही. कोणी सांगेल काय?

---

एक्सेल_किंग · ११ फेब्रु, रात्री १०:०५

भाऊ एकच नंबर काम. आवाजाचा फरक स्पष्ट दिसतो. मी तुमच्या सगळ्या ओळींच्या पहिल्या महिन्याची सरासरी काढली, ७५, ४५, ६०, ५५, म्हणजे जवळपास ५९ टक्के. तेवढं एकच सांगा मीटिंगमधे, लोकांना टेबल कळत नसतात. जानेवारीवाले सोडून द्या, ते बेकार लोक असतील, संक्रांतीत टाइमपास म्हणून टाकलं असेल ॲप.

---

परतवाड्याची · ११ फेब्रु, रात्री १०:५०

दादा, आज फेब्रुवारीची ११ तारीख आहे. जानेवारीवाल्यांचा "पुढचा महिना" म्हणजे फेब्रुवारी, आणि तो अजून अर्धासुद्धा झाला नाही, म्हणून २४ च दिसतात. प्रत्येक ओळीचा शेवटचा आकडा पाहा, ७, १९, ३८, २१, २४, सगळेच एकदम पडलेत. कारण ते सगळे फेब्रुवारीचेच आहेत. टेबलात एकच कॅलेंडर महिना असा तिरका उतरतो, खालून वर उजवीकडे. ती तिरकी ओळ पडली तर समजायचं त्या महिन्यात काहीतरी झालं, किंवा महिना अर्धवटच आहे. आणि उभा कॉलम पडला तर माणसं जुनी होता होता गळतात असं. तुमच्या इथे महिना अर्धवट आहे, बाकी काही नाही. मार्च लागेपर्यंत ती तिरकी ओळ झाकून ठेवा.

आता हीच तिरकी ओळ आवाजाच्या बाबतीत लावा. आवाज १ नोव्हेंबरला सुरू झाला. मग ऑक्टोबरवाल्यांचा "पुढचा महिना" कोणता? नोव्हेंबर! म्हणजे त्या ४५ टक्क्यांच्या महिन्यातही आवाज रोज जातच होता. मग हे आवाजाच्या आधीचं अन् नंतरचं कसं झालं? आवाज नसताना मोजलेला पहिला महिना फक्त सप्टेंबरवाल्यांचा आहे, ४० पैकी ३० म्हणजे ७५ टक्के, तो तर सगळ्यात जास्त आहे.

एक्सेल किंग दादा, टक्क्यांची अशी सरासरी काढू नका ना. ४० माणसांची ओळ आणि २५० माणसांची ओळ एकाच वजनाची धरली तुम्ही. माणसं माणसांत मिळवा, ३०+९०+१५०+६६ म्हणजे ३३६, आणि जुडलेले ६१०, म्हणजे ५५.

---

एक्सेल_किंग · ११ फेब्रु, रात्री ११:०२

५९ आणि ५५ मधे काय असा फरक आहे ताई. बरं ५५ तर ५५. पण ४५ चे ६० झाले ते तर झालेच ना, आवाज नसेल तर दुसरं काहीतरी चांगलं केलं असेल यांनी.

---

संत्राबाग_मोर्शी · ११ फेब्रु, रात्री ११:३०

आमच्याकडं आंबिया बहाराच्या संत्र्याचे व्यापारी एकदा माल उचलला का पुढच्या वर्षीच तोंड दाखवतात, त्यांना टिकवून ठेवायचं असेल तर काय करावं, या विषयावर कोणाचा अनुभव आहे काय? ॲडव्हान्स घेतला तरी पळतात.

---

जुना_अडत्या · १२ फेब्रु, सकाळी ६:१५

मोर्शीवाले भाऊ, इथं वेगळं चालू हाये, पण तुमचं बोलणं कामाचं हाये बरं. म्या तीस वर्सं मार्केट यार्डात काढली, ॲप-बिप समजत नाई पण माणसं समजतात. ऑक्टोबरात यार्डात कोण येते? सोयाबीनवाला. पीक निंगालं, दिवाळी तोंडावर, हरभऱ्याचं बियाणं घ्या लागते, मंग तो वावरातून डायरेक्ट गाडी घेऊन येते. ओल १२ च्या वर असली तर भाव कटते तरी इकून मोकळा होते. एका झटक्यात सगळा माल. मंग त्याले भाव कायले पाहा लागते? अन् कापूसवाल्याचं तसं नसते. सीतादही झालं का वेचा चालू, पयला, दुसरा, तिसरा, घरात गंजी लागते, तो रोज भाव पायत बसते आज इकू का उद्या इकू. तुमच्या ऑक्टोबरच्या २०० मंधी सोयाबीनवाले किती होते ते पाहा पयले.

---

परतवाड्याची · १२ फेब्रु, सकाळी ८:२०

काका, माझ्या मनातलं बोललात. दारव्हावाले दादा, जुडताना तुम्ही पीक विचारता का? विचारत असाल तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या दोनच ओळी पिकाप्रमाणे वेगळ्या करून टाका इथे.

---

कापूसवाला_दारव्हा · १२ फेब्रु, दुपारी २:१०

विचारतो ताई, मुख्य पीक कोणतं म्हणून एक बटन आहे, जुडतानाच दाबावं लागते. केलं आताच वेगळं, आणि डोकंच फिरलं माझं.

ऑक्टोबर: सोयाबीनवाले १२०, पुढच्या महिन्यात आले ३०, म्हणजे २५ टक्के. कापूसवाले ८०, आले ६०, म्हणजे ७५ टक्के.

नोव्हेंबर: सोयाबीनवाले ५०, आले १२, म्हणजे २४ टक्के. कापूसवाले २००, आले १३८, म्हणजे ६९ टक्के.

म्हणजे सोयाबीनवाल्यांचं २५ चं २४ झालं, कापूसवाल्यांचं ७५ चं ६९ झालं, दोन्हीकडं कमी, आणि दोन्ही मिळवले का ४५ चं ६० होते!! मी तीनदा बेरीज केली, ३० अन् ६० नव्वद, १२ अन् १३८ दीडशे, बरोबर आहे. हे कसं होऊ शकते?

---

एक्सेल_किंग · १२ फेब्रु, दुपारी २:२५

कुठंतरी फॉर्म्युला चुकला असेल भाऊ. दोन्ही भाग कमी आणि बेरीज जास्त असं होतच नाही.

---

परतवाड्याची · १२ फेब्रु, दुपारी ३:४०

होतं दादा, फॉर्म्युला बरोबर आहे. घरात दोन म्हशी आणि एक गाय असेल आणि पुढच्या महिन्यात चार म्हशी आणि एक गाय झाली तर मिसळलेल्या दुधाचं फॅट वाढेल, मग प्रत्येक जनावराचं फॅट थोडं उतरलेलं का असेना. तुमच्या ऑक्टोबरच्या गटात शंभरात ६० सोयाबीनवाले होते, नोव्हेंबरच्या गटात शंभरात फक्त २०. टिकणारी माणसं त्या गटात जास्त भरली गेली. तुम्ही काही केलं म्हणून नाही, तेव्हा सोयाबीन संपलं होतं आणि कापूस निघाला होता म्हणून.

पडताळायचं असेल तर एक हिशोब करा. नोव्हेंबरचेच टक्के घ्या पण गट ऑक्टोबरसारखा धरा, म्हणजे शंभरात ६० सोयाबीनवाले आणि ४० कापूसवाले. ६० चे २४ टक्के १४.४, आणि ४० चे ६९ टक्के २७.६. बेरीज ४२. म्हणजे तीच माणसं आली असती तर ४५ च्या जागी ४२ दिसलं असतं. तुमचे ते १५ टक्के पूर्णच्या पूर्ण पिकाच्या अदलाबदलीतून आलेत.

पण थांबा, आता मीटिंगमधे "आवाजामुळे माणसं घटली" असंही सांगू नका. ८० आणि २०० माणसांच्या गटात ७५ आणि ६९ एवढा फरक नुसत्या योगायोगानं पण पडतो. आणि सोयाबीनच्या ५० मधे तर एक माणूस इकडचा तिकडे झाला का २ टक्के हलतात. एवढ्या माणसांत "काही बदल दिसला नाही" एवढंच म्हणता येईल.

---

गटाची_ताई_आर्वी · १२ फेब्रु, दुपारी ४:३०

मी वाचत आहे सगळं. आमच्या बचत गटाचं पापड-कुरडया-शेवया असं आहे, ऑर्डर फोनवर घेतो, वही आहे, ॲप नाही. त्यात पण होईल का हे? मी पहिल्या ऑर्डरचा महिना धरून नावं लिहिली आणि पुढच्या महिन्यांत टिक करत गेले. एप्रिलच्या ग्राहकांचं जूनपासून ऑगस्टपर्यंत एकदम रिकामं दिसते, मला रडूच आलं. मग दिवाळीत त्यातले बरेच परत आले. मग त्यांना गेलेले म्हणायचं का नाही?

---

परतवाड्याची · १२ फेब्रु, सायं ५:१०

ताई वहीत छानच होते हे, टिक लावताना एकाच महिन्यात तीन ऑर्डर आल्या तरी टिक एकच, एवढंच सांभाळा. माणसं मोजायची आहेत, ऑर्डरी नाही.

गेलेले का थांबलेले हा प्रश्न दारव्हावाल्या दादांकडंही आहे. दादा, ऑक्टोबरच्या सोयाबीनवाल्यांचे पुढचे महिने पण द्या ना.

---

कापूसवाला_दारव्हा · १२ फेब्रु, सायं ७:००

१२० पैकी नोव्हेंबर ३०, डिसेंबर १४, जानेवारी २४. वाढले परत! याचं कारण मला माहीत आहे, सोयाबीनमधे आंतरपीक तूर असते ना, ती जानेवारीत निघते. तुरीचा भाव पाहायला आले. म्हणजे डिसेंबरात मी ज्यांना गेलेले धरलं त्यातले काही बांधावरच बसले होते.

---

जुना_अडत्या · १२ फेब्रु, सायं ७:२०

सांगतलं ना. माल असला का माणूस येते.

---

आर्वीकर_सध्या_पुण्यात · १२ फेब्रु, रात्री ९:१५

मूळचा आपल्याकडचाच, इथं डेटाबेसचं काम करतो. एक गोष्ट कोणी विचारली नाही. तुमचा सर्व्हर वेळ कोणती ठेवतो? बहुतेक सर्व्हर यूटीसी ठेवतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे १ नोव्हेंबरला पहाटे साडेचारला कोणी जुडला तर सर्व्हरच्या हिशोबानं तो ३१ ऑक्टोबरला रात्री अकराला जुडला. शहरातल्या ॲपला फारसा फरक पडत नाही कारण पहाटे कोण जागं असतं, पण तुमचे लोक पहाटेच गाडी भरतात.

आणि खरी गोम पुढं आहे. तोच माणूस १ तारखेला सकाळी आठला भाव पाहतो. आता तो झाला ऑक्टोबरचा माणूस, जो "पुढच्या महिन्यात परत आला". चार तासांत! फुकटचा रिटेन्शन. पोस्टग्रेस असेल तर असं करा:

```sql
WITH c AS (
  SELECT user_id, date_trunc('month',
    created_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata') AS cm
  FROM users
), a AS (
  SELECT DISTINCT user_id, date_trunc('month',
    event_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata') AS am
  FROM events WHERE event_name = 'bhav_open'
)
SELECT cm, am, count(*)
FROM c JOIN a USING (user_id)
GROUP BY cm, am ORDER BY cm, am;
```

दोन्हीकडं लावा, जुडण्याच्या वेळेला पण आणि भाव पाहण्याच्या वेळेला पण. एकीकडंच लावलं तर आणखी बिघडेल. आणि कॉलमचा प्रकार `timestamptz` आहे का ते आधी पाहा. साधा `timestamp` असेल तर आधी `AT TIME ZONE 'UTC'` लावून मग हे, नाहीतर घड्याळ उलट्या दिशेनं सरकते. मी स्वतः एकदा तसं करून अख्खा रिपोर्ट पाठवला होता, जाऊ द्या.

---

कापूसवाला_दारव्हा · १३ फेब्रु, सकाळी ७:४५

आर्वीकर भाऊ, सहा जण निघाले! १ नोव्हेंबरला पहाटे खरेदी केंद्रावर आमचा पोरगा उभा राहून ॲप टाकून देत होता गाड्यांच्या लाइनीत, तेच ते. सहाही कापूसवाले, आणि सहाही "परत आले" मधे मोजले गेले होते. आता ऑक्टोबरचे १९४ पैकी ८४, म्हणजे ४३ टक्के. नोव्हेंबरचे २५६ झाले, त्यातले डिसेंबरात १५४ आले, ६० टक्केच राहिलं. पण हे सगळ्या महिन्यांत तपासावं लागेल.

---

एक्सेल_किंग · १३ फेब्रु, सकाळी १०:३०

बरं मी मानलं पिकाचं. पण आवाजाचं सिद्ध करायचं असेल तर सरळ उपाय आहे. ज्यांनी आवाज तीनपेक्षा जास्त वेळा ऐकला ते एका बाजूला, ज्यांनी नाही ऐकला ते दुसऱ्या बाजूला. कोणाचा रिटेन्शन जास्त ते पाहायचं. भाऊ करून पाहा.

---

कापूसवाला_दारव्हा · १३ फेब्रु, दुपारी १:००

केलं. ऐकणाऱ्यांचं लई जास्त आलं, दुपटीच्या वर. म्हणजे आवाजाचा फायदा आहेच ना मग?

---

परतवाड्याची · १३ फेब्रु, दुपारी १:५०

आवाज ऐकायला ॲप उघडावं लागतं ना दादा? मग जो तीनदा ऐकतो तो तीनदा येणाराच माणूस आहे. जे रोज देवळात जातात त्यांना प्रसाद जास्त मिळतो, म्हणून प्रसादामुळे लोक देवळात येतात असं म्हणता का? गट पाडायचा तर जुडताना जे माहीत होतं त्यावर पाडा, पीक, गाव, केंद्रावर जुडला का घरी बसून. नंतर त्यानं काय केलं त्यावर पाडला का टिकणारे आपोआप एका डब्यात जाऊन बसतात.

खरंच जाणून घ्यायचं असेल तर मार्चपासून जे नवीन जुडतील त्यातल्या अर्ध्यांना चिठ्ठ्या टाकून आवाज द्या, अर्ध्यांना देऊ नका. पण मार्चमधे तुमच्याकडं जुडणार तरी किती.

---

एक्सेल_किंग · १३ फेब्रु, दुपारी २:१५

प्रसादामुळे लोक येतात ताई. आमच्याकडं तरी.

---

जुना_अडत्या · १३ फेब्रु, दुपारी २:३०

😀 हाव, आमच्याकडं बी.

---

आर्वीकर_सध्या_पुण्यात · १३ फेब्रु, रात्री ८:४०

माझं मत थोडं वेगळं आहे. शेतीच्या ॲपला महिन्याचा कप्पाच चुकीचा आहे. सोयाबीनवाल्याचा खरा "पुढचा महिना" म्हणजे पुढचा ऑक्टोबर. बाराव्या महिन्याचा कॉलम पाहा, मधले सोडून द्या.

---

परतवाड्याची · १३ फेब्रु, रात्री ९:२०

पूर्ण पटत नाही मला. कापूसवाला नोव्हेंबर ते जानेवारी दर महिन्याला यायलाच पाहिजे, तो डिसेंबरात नाही आला तर काहीतरी चुकतंय, ते कळायला बारा महिने थांबायचं का? आणि यांचं ॲप सप्टेंबरमधे सुरू झालं, बारावा महिना या सप्टेंबरला दिसेल, तोही त्या ४० च माणसांचा. कापसाला महिना आणि सोयाबीनला हंगाम असे दोन टेबल करावे असं मला वाटतं, पण मीही असं कधी केलेलं नाही.

---

कापूसवाला_दारव्हा · २१ फेब्रु, रात्री १०:१०

मीटिंग झाली काल. मी पिकाप्रमाणे दोन वेगळे टेबल दाखवले, फेब्रुवारी झाकून. आवाजाचं म्हटलं, अजून सांगता येत नाही. अध्यक्षांनी ऐकून घेतलं अन् म्हणाले, एकच आकडा सांग, ५५ का ४२? मी म्हटलं ५५ म्हणजे सगळी मिसळ आणि ४२ म्हणजे गट सारखा धरला तर, तर ते म्हणे मग खरा कोणता. नंतर एका संचालकानं विचारलं, ते पण तुमाले विचारतो. त्यांच्या नंबरवर ॲप त्यांच्या पोरानं टाकलं, पोरगा नागपूरला कॉलेजात आहे, तोच तिथून भाव पाहते अन् बापाला फोन करून सांगते. पीक लिहिलं कापूस, येते दर महिन्याला, आमच्या टेबलात एक नंबर टिकलेला माणूस आहे. पण पोराचं लॉगिन वेगळं अन् बापाचं पण एक वेगळं आहे, ते कधीच उघडत नाही. मी त्यांना एक माणूस धरू का दोन?

---

जुना_अडत्या · २१ फेब्रु, रात्री १०:२५

गाडी एक, माल एक, तं माणूस एक.

---

आर्वीकर_सध्या_पुण्यात · २१ फेब्रु, रात्री १०:४०

एक धरलं तर जुडल्याचा महिना कोणाचा घेणार काका, बापाचा का पोराचा? दोघं वेगळ्या महिन्यात जुडले असतील.

---

कापूसवाला_दारव्हा · २१ फेब्रु, रात्री १०:४४

वेगळ्याच महिन्यात जुडले आहेत. बाप ऑक्टोबर, पोरगा डिसेंबर.